चार्ज होतो, पण जोडला जात नाही: कंट्रोलर आणि दोन तारांची केबल

“आत्या, चार्ज होतोय ना? मग केबल खराब कशी असेल?”

भाच्याचा प्रश्न रास्त होता. अकरावीतला मुलगा, साठवलेल्या पैशांतून त्याने हडपसरच्या एका मुलाकडून प्लेस्टेशन ४ चा वापरलेला कंट्रोलर घेतला होता. ड्युअलशॉक ४, दिसायला नीटनेटका. विकणाऱ्याने आपल्या कन्सोलवर तो चालवूनही दाखवला होता. सहकारनगरला घरी आणून केबल लावली, तर पुढची प्रकाशपट्टी संथपणे नारिंगी उजळायची आणि मावळायची, म्हणजे बॅटरी भरत होती. मधलं पीएस बटण दाबलं की पट्टी थोडा वेळ पांढरी लुकलुकायची आणि विझायची. टीव्हीवर काहीही नाही. चूक दाखवणारा संदेशसुद्धा नाही.

दोन दिवसांत त्याने सुचेल ते सगळं करून पाहिलं होतं. कन्सोल बंद-चालू केला, दुसऱ्या पोर्टात केबल घातली, कंट्रोलरच्या मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घालून तो रीसेट केला. आपण फसवले गेलो असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मी विचारलं, “केबल कुठली लावलीस?”

“बाबांच्या ट्रिमरची. कंट्रोलरबरोबर मिळाली नव्हती.”

तिथेच उत्तर होतं. पण ‘केबल बदल’ एवढं सांगून त्याचा प्रश्न सुटत नव्हता, कारण वीज जाते तर केबल चांगली असणार, हे त्याचं गृहीतक तसंच राहिलं असतं. हे गृहीतक आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असतं, म्हणून ते नीट उलगडून सांगते.

कंट्रोलरला लागणारी साधी यूएसबी केबल वरून एक दिसते, पण आत चार तारा असतात. लाल तारेतून ५ व्होल्ट येतात आणि काळ्या तारेतून वीज परत जाते. या दोघींचं काम तेवढंच. उरलेल्या दोन, पांढरी आणि हिरवी, बोलण्यासाठी असतात. पांढरीला डी मायनस म्हणतात, हिरवीला डी प्लस. कंट्रोलर कोण आहे, कुठलं बटण दाबलं, काठी किती झुकली, हे सगळं या दोन तारांवरून जातं. लाल-काळ्या जोडीचा त्यात काही संबंध नाही. घरातला दिवा लागतो म्हणून दारावरची बेल वाजेलच असं नसतं, कारण बेलची तार वेगळी. इथेही तसंच आहे.

ट्रिमर, विजेरी, छोटा पंखा, स्वस्त इअरफोनची डबी, यांना कोणाशी बोलायचंच नसतं. त्यांना फक्त वीज हवी. म्हणून त्यांच्याबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबल्समध्ये पांढरी आणि हिरवी तार घातलेलीच नसते. तांबं वाचतं, जोडकाम वाचतं. यात लबाडी नाही, त्या वस्तूसाठी ती केबल पुरेशी आहे. गोंधळ होतो तो ती केबल खणात जाऊन बाकीच्या केबल्समध्ये मिसळते तेव्हा. दोन्ही टोकं सारखीच, रंगही काळाच, आणि वर कुठेही ‘फक्त चार्जिंग’ असं छापलेलं नसतं.

आता मुद्दा असा की कन्सोल गप्प का राहतो. ‘केबल चुकीची आहे’ असं निदान पडद्यावर तरी यावं की नाही? ते येऊ शकत नाही, आणि का येऊ शकत नाही हे कळलं की पुढची सगळी तपासणी सोपी होते.

यूएसबीत कन्सोल किंवा संगणक स्वतःहून ‘कोणी आलंय का’ असं विचारत बसत नाही. तो फक्त आपल्या डी प्लस आणि डी मायनस या दोन तारांवर नजर ठेवतो. त्याच्या बाजूला या दोन्ही तारा १५ हजार ओहमच्या रेझिस्टरमधून जमिनीकडे ओढलेल्या असतात, म्हणजे समोर कोणी नसेल तर दोन्हींवर शून्य व्होल्ट. कंट्रोलर आपल्या बाजूने डी प्लस ही तार १५०० ओहमच्या रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टकडे वर ओढतो. दोन्ही जोडले की या ओढाताणीत १५०० ओहमवालाच भारी पडतो आणि डी प्लसवर साधारण ३ व्होल्ट दिसतात. हीच बेल. ती वाजली की कन्सोल थोडं थांबतो, कंट्रोलरला रीसेटचा इशारा देतो, मग विचारतो, ‘तू कोण?’ कंट्रोलर आपला परिचय सांगतो, त्याला एक क्रमांक मिळतो आणि ओळख पुरी होते.

ट्रिमरच्या केबलमध्ये डी प्लसची तारच नाही. कंट्रोलर आपल्या टोकाला बेलचं बटण दाबून बसलेला असतो आणि कन्सोलच्या टोकाला शून्य व्होल्ट असतात, पोर्ट रिकामा असताना असतात तितकेच. कन्सोलच्या दृष्टीने काही जोडलेलंच नाही. मग तो चूक तरी कशाची दाखवणार? इकडे लाल-काळ्या जोडीतून वीज मात्र आपली जात राहते, बॅटरी भरत राहते आणि नारिंगी पट्टी आपल्याला सांगत राहते की सगळं ठीक आहे.

नियमांप्रमाणे पाहिलं तर पोर्टाशी ओळख होण्याआधी यंत्राने फार वीज ओढू नये. यूएसबी २.० मध्ये ओळखीनंतर ५०० मिलिअँपिअरपर्यंत घेता येते, त्याआधी १०० च. पण अनेक पोर्ट हे मोजून अडवत नाहीत. म्हणून अनोळखी यंत्रही चार्ज होतं.

हे सगळं ऐकून भाच्याने दुसरी शंका काढली, आणि ती पहिल्यापेक्षा चांगली होती. “पण कंट्रोलर तर वायरलेस आहे. त्याला बोलायला केबल कशाला लागते?”

ड्युअलशॉक ४ खेळताना कन्सोलशी ब्लूटूथवरून बोलतो, हे खरं. पण कुठल्या कन्सोलशी बोलायचं हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. नव्या कन्सोलला पहिल्यांदा जोडताना हे सांगणं केबलमधून होतं. कन्सोल आपला ब्लूटूथ पत्ता कंट्रोलरमध्ये लिहितो आणि कंट्रोलरचा पत्ता स्वतःकडे नोंदवून घेतो. ही देवाणघेवाण पांढऱ्या-हिरव्या जोडीवरूनच होते. ती झाली की केबल काढली तरी चालतं. ती झालेली नसेल, तर पीएस बटण दाबल्यावर कंट्रोलर हवेत हाका मारतो, म्हणजे पांढरा लुकलुकतो, आणि कोणी ओ दिली नाही की विझतो. भाच्याचा कंट्रोलर अगदी हेच करत होता.

यातूनच कळतं की एखाद्या घरात हा घोटाळा वर्ष-वर्ष लक्षात का येत नाही. कंट्रोलर एकदा जोडलेला असला की त्याला दोन तारांची केबल लावून चार्ज करा आणि करता करता खेळा, खेळ बिनबोभाट चालतो, कारण बोलणं ब्लूटूथवरून चाललेलं असतं. ‘ही केबल आमच्याकडे कायम चालते’ असं माणूस शपथेवर सांगेल आणि ते खोटं नसेल. केबल उघडी पडते ती कन्सोल बदलल्यावर, कंट्रोलर विकल्यावर किंवा रीसेट केल्यावर. विकणाऱ्या मुलाने फसवलं नव्हतं, त्याच्या घरी कंट्रोलर आधीच जोडलेला होता.

रीसेटबद्दल इथे कळकळीने सांगते. कंट्रोलर जोडला जात नसेल तर बहुतेकांचा हात आधी त्या बारीक भोकाकडे जातो. रीसेटने कंट्रोलर जुन्या कन्सोलची ओळख सोडतो आणि त्यानंतर तो पुन्हा केबलने जोडून पीएस बटण दाबायचं असतं. हातात दोन तारांची केबल असेल तर त्या वेळी तुम्ही आधीपेक्षा वाईट ठिकाणी उभे असता, कारण जो कंट्रोलर निदान बिनतारी चालत होता तोही आता चालत नाही. म्हणून आधी केबल तपासा, मग पिन हातात घ्या.

तपासायचं कसं? मी भाच्याला लॅपटॉप उघडायला लावला. कन्सोलपेक्षा संगणक या बाबतीत बोलका असतो. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्यामुळे कंट्रोलर लावण्याआधी आणि लावल्यानंतर ही एकच आज्ञा द्यायची आणि यादीत नवी ओळ आली का ते पाहायचं:

```
lsusb
```

ट्रिमरच्या केबलने यादी जशीच्या तशी राहिली. कंट्रोलरची पट्टी नारिंगी होती, तरी लॅपटॉपच्या लेखी पोर्ट रिकामा. मग माझ्या जुन्या फोनबरोबर आलेली केबल त्याच कंट्रोलरला, त्याच पोर्टात लावली आणि यादीत ही भर पडली:

```
ID 054c:09cc Sony Corp. DualShock 4 [CUH-ZCT2x]
```

054c हा सोनीचा क्रमांक आणि 09cc हा ड्युअलशॉक ४ च्या दुसऱ्या आवृत्तीचा. पहिल्या आवृत्तीचा असता तर 05c4 आला असता. कंट्रोलरने आपलं नाव सांगितलं, म्हणजे त्याचा बोर्ड, त्याचं पोर्ट आणि ही केबल, तिन्ही धडधाकट. भाच्याचा चेहरा त्या एका ओळीने उजळला. विंडोज वापरत असाल तर काही टंकायची गरज नाही. चालू केबलने नवं यंत्र जोडल्याचा आवाज येतो, आणि `joy.cpl` चालवलं की खिडकीत `Wireless Controller` दिसतो. दोन तारांच्या केबलने आवाजच येत नाही.

संगणकही नको असेल तर अँड्रॉइड फोन घ्या, पण त्याचं पोर्ट आणि कंट्रोलरचं पोर्ट एकाच जातीचं हवं. ड्युअलशॉक ४ ला मायक्रो यूएसबी लागते, म्हणून जुना फोन लागेल. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरला टाइप-सी, म्हणजे हल्लीचा कुठलाही फोन चालेल. संशयित केबलने फोन संगणकाला लावा, फोन अनलॉक करा आणि वरची सूचना खाली ओढा. चार तारा असतील तर यूएसबी कशासाठी वापरायचं असं विचारणारी सूचना येते, तिच्यात `File transfer` सारखा पर्याय असतो, आणि तो निवडला की संगणकात फोनचे फोल्डर उघडतात. दोन तारा असतील तर फोन नुसता चार्ज होत राहतो. भिंतीवरच्या चार्जरला लावून ही परीक्षा होत नाही, तिथे बोलायला समोर कोणीच नसतं.

डोळ्यांनी ओळखता येतं का, हे बरेच जण विचारतात. थोडंफार येतं. चपट्या मोठ्या प्लगमध्ये डोकावून पाहा, सोनेरी पट्ट्या चार हव्यात. कडेच्या दोन विजेच्या, त्या किंचित लांब असतात म्हणजे आधी टेकतात. मधल्या दोन डेटाच्या. मधल्या दोन दिसतच नसतील तर निकाल लागला, ती केबल फक्त चार्जिंगची. पण चारही दिसल्या म्हणून निश्चिंत होऊ नका. प्लग तयार मिळतात, त्यात चार पट्ट्या असतातच, मागे तारा दोनच जोडलेल्या असू शकतात. त्यापेक्षा केबलच्या अंगावरची बारीक छपाई वाचा. `28AWG/1P+24AWG/2C` असं काही छापलेलं असेल तर `1P` म्हणजे पीळ दिलेली एक जोडी, तीच डेटाची, आणि `2C` म्हणजे विजेच्या दोन तारा. `AWG` आधीचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, म्हणजे डेटाची जोडी विजेच्या तारांहून बारीक आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जाडीवरून मात्र काहीच ठरवू नका. जाडजूड, कापडी वेष्टणाची केबल दोन तारांची निघू शकते आणि सुतळीएवढी केबल चार तारांची.

ट्रिमरची ती केबल मी कात्रीने मधोमध कापली. ट्रिमरला दुसरी होती, त्यामुळे कोणाचं नुकसान झालं नाही. काळं वेष्टण सोललं तर आत एक लाल, एक काळी आणि बाकी जागा भरायला पांढऱ्या दोऱ्याचा पुंजका. भाचा क्षणभर त्या दोऱ्यालाच तार समजला. चिमटीत धरून ओढल्यावर तो कापसासारखा सुटला.

त्याच्या खणात तिसरी एक केबल होती आणि तिने वेगळाच प्रकार दाखवला. ती लावल्यावर लॅपटॉपने ओळख करायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. लिनक्सची आतली नोंदवही दाखवणाऱ्या `sudo dmesg` मध्ये या ओळी आल्या:

```
usb 1-2: new full-speed USB device number 9 using xhci_hcd
usb 1-2: device descriptor read/64, error -71
```

विंडोजवर अशा वेळी `Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)` असं दिसतं. ही तक्रार पाहून लोक निराश होतात, पण निदानासाठी ती मोलाची आहे. लॅपटॉपला कोणीतरी आल्याचं कळलं, म्हणजे बेल वाजली, म्हणजे डी प्लस शाबूत आहे. संभाषण मात्र तुटलं. ही फक्त चार्जिंगची केबल नव्हे, ही चार तारांचीच पण जखमी केबल. मी प्लगच्या मानेजवळ केबल किंचित वाकवून धरली आणि त्याच वेळी कंट्रोलर ओळखला गेला. सोडली की पुन्हा गेला. डी मायनसची तार तिथे आत तुटली होती. उलट डी प्लस तुटली असती तर काहीच दिसलं नसतं, अगदी ट्रिमरच्या केबलसारखं. बारीक तारा आधी तुटतात आणि डेटाच्या तारा बारीक असतात, म्हणून काल चालणारी चांगली केबल आज फक्त चार्जिंगची होऊन बसते. तिला बाहेरून ओरखडाही नसतो.

म्हणजे पूर्ण शांतता असेल तर डेटाची वाट मुळातच नाही किंवा डी प्लस तुटलेली आहे. तक्रार आली तर वाट आहे, पण खराब. आणि कंट्रोलरचं नाव यादीत आलं, तरी खेळात बटणं चालत नाहीत, असं असेल तर केबलचा पिच्छा सोडा. संगणकावरचे अनेक खेळ एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचीच भाषा समजतात, त्यांना प्लेस्टेशनचा कंट्रोलर समजावून द्यायला स्टीमसारखा दुभाष्या लागतो. तो दोष सॉफ्टवेअरचा आहे.

एकाच कंट्रोलरवर खात्रीच्या दोन केबल्स लावूनही शांतता राहिली, तर मग संशय कंट्रोलरच्या पोर्टवर घ्यायचा. मायक्रो यूएसबीच्या पोर्टात पाच बारीक पिना असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्यांत डेटाच्या दोन. त्यावर खिशातला कापूस आणि धूळ बसते किंवा एखादी पिन वाकते, आणि मग पोर्टच ‘फक्त चार्जिंग’चं होतं. विजेरीच्या उजेडात डोकावून पाहिलं तरी बऱ्याचदा दिसतं. इथून पुढे दुरुस्तीवाल्याकडे जायला हरकत नाही, पण केबल तपासून झाली आहे हे त्याला आधी सांगा, म्हणजे बोर्ड उघडण्याची घाई होणार नाही.

टाइप-सीने हा प्रश्न मिटला असं मानू नका. टाइप-सीच्या नियमांप्रमाणे केबलमध्ये निदान यूएसबी २.० ची डेटाजोडी असायला हवी, पण स्वस्त वस्तूंबरोबर नियम न पाळणाऱ्या केबल्सही येतात. वेष्टणावरचे ६० वॅट, १०० वॅट हे आकडे वीज किती वाहते तेवढंच सांगतात.

शनिवारी आम्ही दोघं स्कूटरवरून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो, पार्किंगसाठी दोन फेऱ्या मारल्या आणि दुकानात नुसतं ‘मायक्रो यूएसबी केबल’ न मागता ‘डेटा केबल द्या, मीटरभर’ असं मागितलं. शब्द महत्त्वाचा आहे. दुकानदाराने हातात घेतलेली केबल खाली ठेवून दुसऱ्या खोक्यातली काढली. लांबी मुद्दाम कमी ठेवली, कारण स्वस्त लांब केबलमध्ये संदेशही अशक्त होतो आणि चार्जिंगही मंदावतं. मी पर्समध्ये जुना फोन ठेवला होता आणि काउंटरवरच्या संगणकाला लावून बघू का असं विचारलं. दुकानदार म्हणाला, “बघा की ताई, त्यात काय!” फोनवर सूचना आली, मग पैसे दिले.

घरी आल्यावर भाच्याने आधी कंट्रोलर रीसेट केला, या वेळी करायला हरकत नव्हती. मग चालू कन्सोलला नवी केबल लावली आणि पीएस बटण दाबलं. पट्टी पांढरी झाली, लगेच निळी झाली आणि टीव्हीवर कोण खेळणार असं विचारणारा पडदा आला. त्याने केबल काढली. पट्टी निळीच राहिली.

नंतर त्याने घरातल्या सगळ्या केबल्स खणातून काढून जमिनीवर मांडल्या, एकेक लॅपटॉपला लावून पाहिली आणि दोन तारांच्या निघाल्या त्यांच्या प्लगखाली लाल लोकर बांधली. अकरापैकी चार निघाल्या. त्या टाकून दिल्या नाहीत. ट्रिमरला त्या लागतातच, आणि रेल्वे स्टेशनसारख्या ठिकाणी अनोळखी पोर्टाला फोन लावताना डेटाची तार नसलेली केबलच बरी.